परशाची पार्वती आणि सरपोतदारांची खोली

‘अशी ही बनवाबनवी’ सप्टेंबर १९८८मध्ये प्रदर्शित झाला. तो तेव्हा थिएटरात किंवा पुढे टीव्हीवर पाहिलेली मुलं आज चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत. त्यातल्या बहुतेकांना हा चित्रपट आठवतो तो साडीतल्या दोन पुरुषांमुळे. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती आणि सचिनची सुधा, त्यांची चोरून काढलेली दाढी, घाईत नेसलेली साडी, दारावर थाप पडली की उडणारी धांदल. हीच मंडळी आज हा चित्रपट पुन्हा लावतात तेव्हा मात्र अनेकांचं लक्ष पहिल्यांदा वेगळ्याच गोष्टीकडे जातं. या चौघांना राहायला जागा नाही.

जागेची ही गोष्ट लहानपणीही पडद्यावरच होती. नोकरी करणाऱ्या धनंजय मानेची पुण्यातली भाड्याची खोली, तिथं येऊन दाखल झालेला धाकटा भाऊ शंतनू, पाठोपाठ आलेले सुधीर आणि परशा, मग घरमालक विश्वासराव सरपोतदारांनी सगळ्यांना दाखवलेला रस्ता. एवढं सगळं घडून गेल्यावरच साडीचा प्रवेश होतो. लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात जागा आहे, पण ती फक्त जोडप्यांना मिळणार. तेव्हा परशाची पार्वती होऊन धनंजयची बायको बनते आणि सुधीरची सुधा होऊन शंतनूची. आठ वर्षांच्या प्रेक्षकासाठी सुरुवातीचा तो सगळा भाग म्हणजे मजा सुरू होण्याआधीचा वेळ असतो. पंचेचाळिशीतल्या प्रेक्षकाला तोच चित्रपटाचा कणा वाटू लागतो.

असं का होतं हे समजून घ्यायचं तर आधी मुलांना वेशांतराची इतकी गंमत का वाटते ते पाहायला हवं. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक छोटी गोष्ट दाखवली. मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. तो बाहेर असताना आई ते चॉकलेट दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं साधारणपणे दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट तिथं आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं. मॅक्सीला ते माहीत नाही, त्याच्या डोक्यात जुनीच माहिती आहे, हे त्यांना अजून धरता येत नाही. चौथ्या वर्षानंतर ही समज हळूहळू येऊ लागते आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलांमध्ये पक्की होते. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या चुकीच्या समजुतीवर तो वागणार आहे, हे ती ओळखू लागतात.

‘बनवाबनवी’चा उत्तरार्ध नेमका याच समजेवर उभा आहे. पार्वती म्हणजे परशा हे प्रेक्षकाला माहीत आहे, लीलाबाईंना नाही. सुधा कोण आहे हे धनंजयला माहीत आहे, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना नाही. कुणाला काय माहीत आहे आणि कुणापासून काय लपवायचं आहे याचा हिशेब क्षणोक्षणी बदलत राहतो. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हा हिशेब मांडणं ही नुकतीच हाती आलेली ताकद असते, म्हणून ते मूल त्यात पुरतं रमतं. मोठ्या माणसाला हा हिशेब न मांडता जमतो. त्याला हसू येतं, पण आता फजिती होणार हे आपण ओळखलं या आनंदातून येणारं ते हसू नसतं. तो नटांच्या टायमिंगला हसतो, वसंत सबनीसांच्या संवादांतल्या खोचेला हसतो. शिवाय हिशेबातून मोकळं झालेलं त्याचं लक्ष आता इकडेतिकडे फिरू शकतं. ते जातं खोलीच्या भिंतींकडे, भाड्याच्या बोलण्याकडे, सरपोतदारांच्या चेहऱ्याकडे.

सुधीर जोशींनी उभे केलेले विश्वासराव सरपोतदार लहानपणी सरळसरळ खलनायक वाटतात. चिक्कू, कटकटे, भाडेकरूच्या पाहुण्यांवर नजर ठेवणारे. धनंजयनं त्यांच्याकडून मधुमेहाच्या औषधासाठी घेतलेल्या ७० रुपयांचा प्रसंग आजही घराघरांत सांगून हसला जातो, आणि तो हसण्याजोगा आहेच. पण ज्यानं स्वतःचा एखादा फ्लॅट भाड्यानं दिला आहे, किंवा ज्याच्या घरात साखरेच्या गोळ्यांचा डबा आहे, त्याला त्या प्रसंगात दुसरा माणूसही दिसतो. औषध येईल म्हणून वाट पाहणारा, वय झालेला, ज्याच्या खोलीत एका भाडेकरूच्या जागी चार माणसं राहताहेत असा घरमालक.

इथं त्या काळाची एक गोष्ट माहीत असली की चित्रपट आणखी उलगडतो. महाराष्ट्रातल्या शहरांत तेव्हा १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता. या कायद्यानं जुन्या जागांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवून ठेवलं होतं. महागाई वाढत गेली, डागडुजीचा खर्च वाढत गेला, भाडं मात्र जवळपास तिथंच राहिलं. भाडेकरूला काढणंही सोपं नव्हतं, त्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं घालवावी लागत. त्यात १९७३मध्ये एक दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लोक लीव्ह अँड लायसन्स करारावर जागेत राहत होते, त्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला. अकरा महिन्यांसाठी म्हणून दिलेली जागा कायमची गेली, असा अनुभव अनेक मालकांना आला. जागा देणाऱ्यांनी याचा धसका घेतला. रिकामी खोली कुलूप लावून ठेवलेली बरी, पण अनोळखी माणूस आत नको, असं मानणारे मालक वाढले. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही गोठवलेली भाडी गैरवाजवी ठरवली आणि ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला.

‘बनवाबनवी’ १९८८चा आहे, म्हणजे या कोंडीच्या ऐन मधला. चित्रपटात कायद्याचं नाव निघत नाही आणि निघायची गरजही नव्हती, कारण तेव्हाच्या मोठ्या प्रेक्षकांना ती परिस्थिती घरचीच होती. चार कमावत्या वयाच्या पुरुषांना शहरात छप्पर मिळत नाही आणि त्यासाठी त्यांना बायकांची सोंगं घ्यावी लागतात, हे कथासूत्र त्यांना अतिशयोक्त वाटलं असेल, पण अशक्य वाटलं नसेल. मूळ कल्पना त्याहूनही जुनी आहे. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वर हा चित्रपट बेतलेला आहे. बायको आणि घर या दोन गोष्टी त्या नावातच एकमेकींना जोडलेल्या आहेत. दोन दशकांनी ती गोष्ट पुण्यात आणली तरी तिच्यात जागेपुरतं काही बदलावं लागलं नाही. आजही पुण्या-मुंबईत एकट्या मुलांना आणि एकट्या मुलींना सोसायट्या नकार देतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात येऊन ज्यानं तो नकार ऐकला आहे, त्याला लीलाबाईंची ‘फक्त जोडपी’ ही अट ओळखीची वाटते.

थोडक्यात, लहानपणी चित्रपट पाहताना मनात प्रश्न असतो, पकडले जातील का? मोठेपणी तो होतो, राहायचं कुठे? पडद्यावर दोन्ही प्रश्न पहिल्यापासून आहेत. त्यातला कोणता ऐकू येतो हे पाहणाऱ्यानं दरम्यान काय सोसलं आहे यावर ठरतं.

सगळेच बदल असे समृद्ध करणारे नसतात. काही ठिकाणी मोठा प्रेक्षक अडखळतो. पार्वतीला दिवस गेल्याचं सोंग आणि तिचं डोहाळजेवण ही लहानपणी हसून लोळण घ्यायची जागा होती. मूल होण्यासाठी ज्यांनी दवाखान्यांच्या चकरा मारल्या आहेत, त्यांना तिथं पूर्वीसारखं हसता येईलच असं नाही. सुधा आणि पार्वतीला बायका समजून घरातल्या स्त्रिया ज्या मोकळेपणानं वागतात, तो मोकळेपणा फसवून मिळवलेला आहे, हेही आज खटकतं. विशेषतः मुलीचे आई-बाप झालेल्यांना. ही नजर चित्रपटावर अन्याय करणारी नाही. शेवटी हे चौघे उघडे पडतात तेव्हा त्यांना आपल्या खोटेपणाचा जाब द्यावा लागतो आणि लीलाबाईंसमोर मान खाली घालावी लागते, म्हणजे फसवणुकीची जाणीव पटकथेलाही आहे. लहानपणी हा शेवट लांबलेला वाटतो. मोठेपणी तोच नीट पाहिला जातो, कारण ज्या बाईनं चार मुलांवर माया केली तिला ती कोण आहेत हेच माहीत नव्हतं, हे तेव्हा कुठे लक्षात येतं.

हसण्यासारखीच भीतीही बदलते, आणि तिचा बदल तर अधिक सहज तपासता येतो. १९९३च्या महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’नं एका पिढीच्या मुलांना बाहुल्यांजवळ झोपणं अवघड करून टाकलं. तात्या विंचू हा गुंड मरताना मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि लक्ष्याच्या मागे लागतो. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातल्या कल्पनेचं हे मराठी रूप. लहान मुलांना यात भीती वाटते ती चेहऱ्याची. ते वटारलेले डोळे, तो हलणारा जबडा.

याविषयीचा एक चांगला प्रयोग अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात झाला. सिंथिया हॉफनर आणि जोआन कँटर यांनी १९८५मध्ये एका वृद्ध स्त्रीच्या छोट्या फिल्मच्या चार आवृत्त्या तयार केल्या. दोन आवृत्त्यांत ती प्रेमळ आजीसारखी दिसत होती, दोन आवृत्त्यांत कुरूप चेटकिणीसारखी. प्रत्येक रूपात एकदा ती दयाळूपणे वागत होती आणि एकदा क्रूरपणे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी ती चांगली की वाईट हे ठरवताना दिसण्याला बरंच वजन दिलं. चेटकिणीसारखी दिसणारी बाई चांगली वागली तरी त्यांना तिचा भरवसा वाटेना. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी मात्र वागण्याकडे अधिक पाहिलं. मूल मोठं होतं तशी भीती दिसण्यावरून वागण्याकडे सरकते, आणि नंतर खरोखर घडू शकेल अशा गोष्टींकडे.

म्हणून चाळिशीत ‘झपाटलेला’ पाहणाऱ्याला बाहुल्याची धास्ती वाटत नाही. उलट तो बाहुला हलतो कसा याचं कुतूहल वाटतं. तात्या विंचूचा बाहुला चालवला होता रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी महाराष्ट्राला अर्धवटराव दिला, आणि शब्दभ्रमाची ती परंपरा रामदास पाध्यांनी पुढे नेली. हे ठाऊक असलं की प्रत्येक दृश्यात नजर एक गोष्ट शोधू लागते. बाहुला एकटा दिसतो तेव्हा कॅमेरा कुठून कापतो, खाली टेबल आहे की पलंग, माणूस कुठे लपला असेल. दिलीप प्रभावळकर तात्या विंचूच्या भूमिकेत जे करतात तेही मोठेपणीच नीट कळतं. लहानपणी बाहुला आणि गुंड ही दोन वेगळी माणसं वाटतात. नंतर उमजतं की बाहुला भीतिदायक वाटावा म्हणून आधी तो गुंड तितकाच जिवंत उभा राहायला हवा होता. भीती गेली तरी चित्रपट रिकामा होत नाही. तिच्या जागी कसबाचं कौतुक येतं.

लक्ष्मीकांत बेर्डे दोन्ही चित्रपटांत आहेत, आणि त्यांच्यापाशी आजचा प्रेक्षक आणखी एका गोष्टीवर थबकतो. ‘बनवाबनवी’ प्रदर्शित झाला तेव्हा त्यांना चौतीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. सचिन एकतिशीत होते, अशोक सराफ एक्केचाळीस वर्षांचे. लहान मुलाला पडद्यावरची सगळी मोठी माणसं सारखीच मोठी दिसतात, काका-मामांच्या वयाची. पंचेचाळिशीत तीच माणसं आपल्याहून लहान निघतात. सरपोतदारांना सत्तर रुपयांना टोपी घालणारा धनंजय आता आपल्या ऑफिसातला एखादा धडपड्या सहकारी वाटू शकतो. त्यातच नंतर काय झालं हेही प्रेक्षकाला माहीत असतं. शंतनू साकारणारे सिद्धार्थ रे २००४च्या मार्चमध्ये चाळिशीतच गेले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत गेले, ते पन्नास वर्षांचे होते. सुधीर जोशी २००५मध्ये गेले. ही माहिती चित्रपटात कुठेच नाही, पण ती पाहणाऱ्यासोबत खोलीत येऊन बसते. परशा सर्वांत जोरात हसवत असतो त्या दृश्यात अनेकांचा आवाज क्षणभर दाटतो, त्याचं कारण हे आहे. दिग्दर्शकानं तिथं काहीही दुःखद ठेवलेलं नाही.

या सगळ्यात एक अडचण आहे. आपण चित्रपटाची तुलना ज्याच्याशी करतो तो खरोखर लहानपणी पाहिलेला चित्रपट असतो का? केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या आपल्या पुस्तकात याचं एक सुंदर उदाहरण दिलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळानं ती आठवून लिहायला सांगितली. पुन्हा पुन्हा आठवताना कथा आखूड होत गेली, विचित्र वाटणारे तपशील गळले आणि अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या आल्या. मूळ कथेतल्या होड्या वाचकांच्या परिचयाच्या नावा झाल्या, सील मारायला गेलेली माणसं मासेमारीला गेली. आठवण मूळ प्रत जपून ठेवत नाही. प्रत्येक वेळी ती स्वतःच्या माहितीनुसार गोष्ट नव्यानं बांधते.

‘बनवाबनवी’च्या बाबतीत हे अधिकच घडतं, कारण हा चित्रपट अख्खा कमी आणि तुकड्यांनी जास्त पाहिला गेला आहे. चॅनेलवर मधूनच लागलेला, लग्नघरात कुणी तरी म्हणून दाखवलेला, मोबाइलवर दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये आणि मीममध्ये फिरणारा. धनंजय मानेचा पत्ता विचारणारं वाक्य ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते चित्रपटात नेमकं कुणाच्या तोंडी आणि कधी येतं हे सांगता येत नाही. अनेकांची बालपणीची आठवण म्हणजे बालपण, नंतरच्या क्लिप आणि इतरांनी केलेल्या नकला यांचं मिश्रण असतं. मग पुन्हा पाहताना वाटतं, चित्रपट इतका संथ होता? इतकी गाणी होती? क्लिपमध्ये फक्त कळस उरला होता, त्याच्या पायऱ्या गळून गेल्या होत्या, म्हणून चित्रपट संथ वाटतो.

आपल्या बाबतीत काय झालं आहे हे तपासायचं असेल तर एक सोपा मार्ग आहे. चित्रपट लावण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून काढायच्या. चित्रपट कोणत्या दृश्यानं सुरू होतो, चौघांना पहिली खोली कशामुळे सोडावी लागते, कोण कुणाची बायको बनतो, आणि लीलाबाईंना खरं कळल्यावर नेमकं काय होतं. शेजारी, तेव्हा कुणाचा राग यायचा, हेही लिहायचं. मग पाहायचं. घटना चुकीच्या आठवल्या असतील तर बदल आठवणीत आहे. घटना बरोबर निघाल्या, पण सरपोतदारांच्या नावापुढचा राग आता जुळत नसेल, तर बदल पाहणाऱ्यात आहे. बहुधा दोन्ही थोडं थोडं सापडतं, आणि ते वेगळं काढता आलं की ‘हा चित्रपट आता पूर्वीसारखा राहिला नाही’ या तक्रारीतला बराचसा गोंधळ कमी होतो.

फक्त एक काळजी घ्यावी लागते. टीव्हीवर दाखवताना जाहिरातींसाठी चित्रपट कापले जातात आणि ऑनलाइन फिरणाऱ्या प्रतींतही दृश्यं गाळलेली असू शकतात. लहानपणी पाहिलेलं एखादं दृश्य सापडलं नाही तर आठवणीला दोष देण्याआधी समोरची प्रत पूर्ण आहे का ते बघावं.